‘बॅकअप कम्प्लिट’ झाला, मग जुने चॅट कुठे गेले?

नवा फोन सुरू केला, जीमेलचा पत्ता टाकला, ‘रिस्टोअर’ म्हटले आणि अर्ध्या तासात जुन्या फोनवरची सगळी ॲप एकामागून एक उतरू लागली. होम स्क्रीन तशीच, वॉलपेपर तोच, संपर्कयादी जागेवर. सगळे आले असे वाटते. मग व्हॉट्सॲप उघडले की ते मोबाइल नंबर विचारते, बँकेचे ॲप ओळख दाखवत नाही, हिशेबाच्या ॲपमध्ये पहिल्या दिवसासारखी कोरी पाने असतात. आणि सेटिंग्जमध्ये तर ‘बॅकअप ऑन’ असे हिरव्या खुणेसह लिहिलेले होते.

ती खूण खोटी नाही, पण अपुरी आहे. फोनचा बॅकअप म्हणजे फोनची हुबेहूब प्रत, असा आपला समज असतो. अँड्रॉइडच्या बाबतीत तो चुकीचा आहे. गुगलच्या बॅकअपमध्ये ॲपची यादी असते, फोनच्या सेटिंग्ज असतात, कॉलची यादी आणि एसएमएस असतात. ॲपच्या आतला मजकूर मात्र त्या त्या ॲपने परवानगी दिली तरच आणि ठरलेल्या मापात बसला तरच जातो. नव्या फोनवर ‘ॲप परत आले’ आणि ‘ॲपमधला मजकूर परत आला’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर त्या एकच दिसतात, आणि माझ्या मते सगळ्या मनस्तापाचे मूळ इथे आहे.

माप किती, तेही पाहू. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे 2015 पासून, प्रत्येक ॲपला या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये 25 एमबी जागा मिळते. गेममधली पातळी, आवडीनिवडी, लहानसहान नोंदी यांना ती पुरते. ज्यात शेकडो फोटो चिकटवले आहेत अशा नोंदवहीला ती पुरत नाही. मर्यादा ओलांडली की नवी प्रत वर जात नाही. त्यातही हा बॅकअप रोज हमखास होतो असे नाही. साधारणपणे फोन चार्जिंगला लावलेला, वायफायवर आणि वापरात नसलेला असेल तेव्हा तो होतो. ज्यांच्या घरी वायफाय नाही आणि जे दिवसभर मोबाइल डेटावर असतात, त्यांचा बॅकअप कित्येक दिवस अडून राहू शकतो. शिवाय ॲप बनवणारा ‘माझा मजकूर बॅकअपमध्ये घेऊ नका’ असे सांगू शकतो. बँकांची ॲप तसे सांगतात आणि ते योग्यच आहे. एखादे साधे हिशेबाचे ॲपही तसे सांगू शकते, आणि वापरणाऱ्याला ते कुठेही दिसत नाही.

व्हॉट्सॲपचा कारभार वेगळा

व्हॉट्सॲपचे चॅट फोनच्या बॅकअपमधून येतच नाहीत. त्याचा स्वतःचा बॅकअप आहे. तो गुगल खात्यातच जातो, पण वेगळ्या वेळापत्रकाने आणि वेगळ्या अटींवर. ‘फोनचा बॅकअप ऑन आहे ना, मग झाले’ असे म्हणणाऱ्याला इथे ठेच लागते. व्हॉट्सॲपमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘चॅट्स’, ‘चॅट बॅकअप’ असे गेले की शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख आणि त्याचा आकार दिसतो. सगळा भरवसा या दोन आकड्यांवर ठेवावा. तारीख कालची आणि आकार चॅटच्या मानाने पटण्याजोगा असेल तर ठीक. तारीख तीन महिन्यांपूर्वीची असेल तर मधले तीन महिने क्लाउडवर नाहीत.

तारीख अशी मागे का राहते? बहुतेक वेळा कारण जागा हेच असते. पूर्वी व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप गुगलच्या 15 जीबी मोफत जागेत मोजला जात नसे. 2023 च्या अखेरीस ही सवलत संपत असल्याचे जाहीर झाले आणि 2024 मध्ये ती टप्प्याटप्प्याने सगळ्यांसाठी संपली. आता जीमेल, गुगल फोटो, ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप यांची मिळून ती एकच 15 जीबी आहे. जून 2021 पासून गुगल फोटोही त्यातच मोजले जातात. लग्नाचे दोन अल्बम आणि पोरांचे व्हिडिओ वर गेले की जागा भरते, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप थांबतो. सूचना येते, पण दिवसाला शंभर सूचना बाजूला सारणारे बोट तीही सारते. फोन नीट चालू असतो तोवर काही बिघडलेले जाणवत नाही.

एक काल्पनिक, पण सगळीकडे घडणारे उदाहरण घेऊ. सांगलीत घरी शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. गिऱ्हाइके ब्लाउजचे डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवतात, मापे कधी चॅटमध्ये तर कधी फोनमधल्या एका नोंदवहीच्या ॲपमध्ये असतात. उचल किती दिली, बाकी किती, तेही त्याच चॅटमध्ये. 20 जुलैला फोन हातातून पडला. पडद्यावर चित्र दिसते, पण स्पर्श चालत नाही. दुसऱ्या दिवशी नवा फोन आला, त्याच नंबरचे सिम घातले, दुकानातल्या मुलाने ‘सगळे परत येईल’ म्हणत रिस्टोअर सुरू केले.

पहिला अडथळा गुगल खात्याचा. आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात फोन सुरू करून देताना दर वेळी नवे जीमेल खाते काढून देण्याची खोड आहे. ग्राहकाला जुने आठवत नाही, दुकानदाराला थांबायला वेळ नाही. ताईंची अशी तीन खाती. व्हॉट्सॲपचा बॅकअप ज्या खात्यात गेला, तेच खाते नव्या फोनवर असेल आणि नंबरही तोच असेल तरच तो सापडतो. दुसरे खाते टाकले की ‘बॅकअप सापडला नाही’ एवढेच उत्तर मिळते आणि माणूस समजतो की सगळे गेले. प्रत्यक्षात बॅकअप तिसऱ्या खात्यात सुखरूप असतो. कोणत्या खात्यात, ते जुन्या फोनवर त्याच ‘चॅट बॅकअप’च्या पडद्यावर लिहिलेले असते.

खाते सापडले. दुसरा अडथळा तारखेचा. बॅकअप 9 मार्चचा निघाला, कारण त्यानंतर 15 जीबी भरली होती. म्हणजे लग्नसराईतल्या साऱ्या ऑर्डरी बॅकअपबाहेर. इथे घाईने ‘रिस्टोअर’ किंवा ‘स्किप’ काहीही दाबण्याआधी थांबायला हवे. कारण मार्चनंतरचे चॅट नष्ट झालेले नाहीत, ते जुन्या फोनमध्ये आहेत. फक्त बोटाने तिथपर्यंत पोहोचता येत नाही.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. स्पर्श गेला, पण चित्र दिसते अशा फोनला ओटीजी जोडणीने संगणकाचा साधा माउस लावला की पडद्यावर बाण येतो आणि फोन माउसने चालवता येतो. बहुतेक अँड्रॉइड फोन हे करू देतात. लॉकचा आकडाही माउसने टाकता येतो. मग क्लाउडची गरजच उरत नाही. जुन्या फोनवर ‘सेटिंग्ज’, ‘चॅट्स’, ‘ट्रान्सफर चॅट्स’ उघडायचे. नव्या फोनवर व्हॉट्सॲप टाकून नंबर पडताळायचा आणि ‘जुन्या फोनवरून चॅट आणा’ असा पर्याय आला की तो निवडायचा. नव्या पडद्यावर क्यूआर कोड येतो, तो जुन्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचा. दोन्ही फोन जवळ ठेवून वायफाय आणि लोकेशन चालू हवे. मजकूर थेट एका फोनमधून दुसऱ्यात जातो. कॉलची यादी आणि व्हॉट्सॲपवरून केलेल्या पैशांच्या व्यवहारांच्या नोंदी त्यात येत नाहीत, चॅट आणि फोटो येतात. ही सोय दोन्हीकडे अँड्रॉइड असेल तेव्हाची.

चित्रही दिसत नसेल तर पडदा बदलून घेण्याचा खर्च करावा का, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा. पण तो हिशेब करण्यासाठी आत काय आहे ते माहीत हवे. व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनच्या आतही एक प्रत करून ठेवते. गेल्या काही दिवसांच्या अशा प्रती या जागी असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

`msgstore` ने सुरू होणाऱ्या फाइल म्हणजे त्या प्रती. त्यात मजकूर असतो. फोटो आणि आवाज शेजारच्या `Media` फोल्डरमध्ये असतात, म्हणून उचलायचे झाले तर अख्खे `WhatsApp` फोल्डर उचलावे आणि व्हॉट्सॲप टाकण्याआधी नव्या फोनवर त्याच जागी ठेवावे. ही प्रत फोन फॉरमॅट करताच जाते. दुरुस्तीवाल्याने ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ म्हटले की त्याचा अर्थ तोच.

ज्यांचे व्हॉट्सॲप संगणकाला जोडलेले असते त्यांच्याकडे आणखी थोडी सवड असते. फोन बंद असला तरी जोडलेला संगणक 14 दिवसांपर्यंत चालू राहतो. नव्या फोनवर नोंदणी करण्याआधीच त्या संगणकावरून महत्त्वाचे फोटो, पत्ते, मापे उतरवून घ्यावीत.

‘स्किप’ दाबून झाले असेल तर

नव्या फोनवर व्हॉट्सॲप ‘रिस्टोअर करायचे का’ हे नोंदणीच्या वेळीच विचारते. नेट मंद असते, बॅकअप दोन-तीन जीबीचा असतो, कामाचे मेसेज येऊन थांबलेले असतात. माणूस ‘स्किप’ दाबतो आणि म्हणतो, रात्री बघू. ॲपच्या आत नंतर रिस्टोअरचा पर्यायच नसतो. दरम्यान नव्या फोनचा आपोआप बॅकअप सुरू झाला तर तो जुन्या बॅकअपच्या जागी बसतो. दोन दिवसांचे चार मेसेज आठ वर्षांच्या चॅटची जागा घेतात. असे झाले असेल तर पहिले काम म्हणजे व्हॉट्सॲपचा आपोआप बॅकअप बंद करणे. मग ॲप काढून पुन्हा टाकायचे, तोच नंबर, तेच गुगल खाते, आणि या वेळी ‘रिस्टोअर’. मधल्या दोन दिवसांचे मेसेज त्यात जातील, पण हा सौदा परवडतो.

व्हॉट्सॲपने या पडद्यावर फक्त ‘स्किप’ लिहिण्याऐवजी ‘जुने चॅट नंतर आणता येणार नाहीत’ असे ठळक लिहायला हवे, असे मला वाटते. ज्याचे परिणाम सहजी फिरवता येत नाहीत, त्या बटणाला इतके हलके नाव देणे बरोबर नाही.

रिस्टोअर चालू असताना घाबरून जाण्याचेही एक कारण असते. आधी मजकूर येतो, फोटो मागाहून पार्श्वभूमीत उतरत राहतात. मधल्या वेळात फोटो धूसर दिसतात. वायफायवर रात्रभर राहू द्यावे आणि मगच निष्कर्ष काढावा. दुसऱ्या दिवशीही धूसर असलेला फोटो बॅकअपमध्ये नव्हता असे समजावे. मग ज्याने पाठवला त्याच्याकडून पुन्हा मागवणे हाच मार्ग, कारण व्हॉट्सॲप पोहोचलेले फोटो आपल्या सर्व्हरवर जपून ठेवत नाही. व्हिडिओंसाठी बॅकअपच्या पडद्यावर वेगळे बटण असते. ते बंद असेल तर एकही व्हिडिओ येत नाही. आणि ‘फोटो गुगल फोटोत असतीलच’ यावर विसंबू नये. तिथे कॅमेऱ्याचे फोटो जातात, व्हॉट्सॲपच्या फोटोंचे फोल्डर आपण वेगळे निवडल्याशिवाय सहसा जात नाही.

कुलूप आपलेच, किल्ली हरवलेली

2021 पासून व्हॉट्सॲपचा बॅकअप कुलूपबंद करण्याची सोय आहे. पासवर्ड तरी ठेवायचा किंवा 64 आकडी-अक्षरी किल्ली जपायची. नंतर पासकीचाही पर्याय आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे उत्तम, पण पासवर्ड विसरलात तर व्हॉट्सॲप किंवा गुगल कोणीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. जुना फोन चालू असेपर्यंत तिथून पासवर्ड बदलता येतो, तो गेला की दार बंद. अनेक जण याचा आणि सहा आकडी पिनचा घोळ घालतात. अधूनमधून व्हॉट्सॲप जो सहा आकडी पिन विचारते तो खात्याचा आहे, बॅकअपचा नाही. तो विसरला तर काही दिवस थांबून का होईना, वाट निघते. बॅकअपच्या पासवर्डला तशी वाट नाही.

गुगलच्या फोन बॅकअपलाही असेच एक कुलूप आहे, जुन्या फोनच्या स्क्रीन लॉकचे. नवा फोन रिस्टोअर करताना जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न मागतो. जी आजी वर्षभर नातवाने ठेवलेल्या बोटाच्या ठशावर फोन उघडत होती तिला तो पिन ठाऊक नसतो. आणखी दोन अटी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीवरचा बॅकअप जुन्या आवृत्तीच्या फोनवर उतरत नाही, त्यामुळे महागडा फोन फुटला म्हणून कपाटातला जुना काढला तर तिथे तो चालत नाही. आणि फोन 57 दिवस वापरला गेला नाही तर गुगल फोटो सोडून बाकी बॅकअप पुसला जाऊ शकतो. फुटलेला फोन दुरुस्तीला देऊन, ‘दिवाळीला नवा घेऊ’ म्हणत दोन महिने साध्या फोनवर काढणाऱ्यांनी हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

जे परत न येणेच बरे

यूपीआयची ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदणी मागतात. त्याचा वैताग येतो, पण इथे मी ॲपच्या बाजूने आहे. यूपीआय हे सिम आणि फोन या जोडीला बांधलेले असते. नोंदणीच्या वेळी तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो, त्यावरून बँक ओळखते की हा नंबर याच फोनमध्ये आहे. ही बांधणी क्लाउडवरून उतरवता आली असती तर ज्याच्या हाती तुमचा जीमेल पासवर्ड लागला त्याच्या हाती तुमचे खातेही लागले असते. म्हणून नवा फोन घेताना सिम त्यातच हवे आणि एसएमएस पाठवण्याइतका बॅलन्स हवा. ड्युअल सिमच्या फोनमध्ये बँकेचा नंबर निवडला आहे ना तेही पाहावे, नोंदणी अडण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

दर अर्ध्या मिनिटाला बदलणारे आकडे दाखवणारी ऑथेंटिकेटर ॲप याच जातीची. गुगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल 2023 पासून खात्याशी जोडून आकडे जपण्याची सोय आली. ती चालू केलेली नसेल तर जुना फोन गेला की आकडेही गेले, आणि मग प्रत्येक संकेतस्थळाकडे स्वतंत्रपणे ओळख पटवत बसावे लागते. नोकरीच्या कामासाठी किंवा शेअर खात्यासाठी असे ॲप वापरत असाल तर जुन्या फोनवरून निघण्याआधी पहिले हेच हलवावे.

उलट टेलिग्राममधले साधे चॅट कोणताही बॅकअप न घेता नव्या फोनवर जसेच्या तसे दिसतात, कारण ते मुळात कंपनीच्या सर्व्हरवरच असतात. त्याच ॲपमधले ‘सीक्रेट चॅट’ मात्र येत नाहीत, कारण ते फक्त त्या फोनवर असतात. कुठलेही ॲप पारखायला हाच प्रश्न पुरतो: मजकूर सर्व्हरवर आहे की फोनमध्ये? लॉगिन करून वापरायचे ॲप असेल आणि दुसऱ्या फोनवरून लॉगिन केल्यावर तोच मजकूर दिसत असेल, तर चिंता नाही. लॉगिन न मागता थेट चालू झालेले ॲप असेल तर मजकूर फोनमध्येच आहे असे धरून चालावे. ताईंच्या नोंदवहीचे ॲप दुसऱ्या प्रकारचे होते. नव्या फोनवर ते आले, पण रिकामे. माउस लावून जुन्या फोनवरच्या त्या ॲपमधून ‘एक्स्पोर्ट’ करून फाइल ईमेलने पाठवली तेव्हा मापे मिळाली. ‘एक्स्पोर्ट’चा पर्याय नसलेल्या ॲपमध्ये धंद्याच्या नोंदी ठेवू नयेत, मग ते कितीही छान दिसो.

कोणते ॲप बॅकअपमध्ये आहे ते फोन सांगतो, फक्त विचारावे लागते. ‘सेटिंग्ज’, ‘गुगल’, ‘बॅकअप’ इथे गेल्यावर ‘ॲप डेटा’ अशी ओळ असते. तिच्यात ॲपची नावे आणि आकार दिसतात. फोनच्या बनावटीनुसार ही ओळ थोडी इकडेतिकडे असू शकते. ज्या ॲपचे नाव तिथे नाही, किंवा वर्षभराच्या नोंदी असूनही आकार काही केबी आहे, त्याचा मजकूर वर गेलेला नाही. गुगलने ही यादी उलटी करून दाखवायला हवी. काय घेतले याच्या हिरव्या खुणेशेजारी काय घेतले नाही त्या ॲपची नावेही लिहावीत. माहिती त्यांच्याकडे आहे, जागाही आहे.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांसाठी एवढेच, की व्हॉट्सॲपचा गुगलमधला बॅकअप आयफोन वाचू शकत नाही. त्यासाठी ॲपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप वापरून, आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच, दोन्ही फोन समोरासमोर ठेवून चॅट हलवावे लागतात. आयफोन आधी सुरू करून बसलात तर तो पुसून पुन्हा पहिल्यापासून.

आणि एक्स्चेंज. ऑनलाइन नवा फोन मागवला की डिलिव्हरीवाला दारात उभा राहून जुना मागतो, तोही पुसलेला. दहा मिनिटांत जुना फोन हातातून जातो आणि वर सांगितलेले बहुतेक उपाय त्याच्याबरोबर जातात. एक्स्चेंजमध्ये मिळणारी सवलत हजार-दीड हजाराची असेल तर ती सोडून जुना फोन आठवडाभर घरात ठेवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. एक्स्चेंज करायचेच असेल तर डिलिव्हरीच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपमध्ये ‘बॅक अप’ हाताने दाबावे, तारीख बदललेली पाहावी, ऑथेंटिकेटर हलवावे, लॉगिन नसलेल्या ॲपमधून फाइल बाहेर काढावी आणि कोणत्या जीमेलवर हे सगळे गेले ते कागदावर लिहावे.